शेवटचं कधी पाहिलं?

भुसावळ सुटलं, चहावाला येऊन गेला आणि पडताळणीचं पत्र काढावं म्हणून मी सॅकची चेन उघडली. सॅक आदल्या रात्रीइतकीच जड होती. डबा होता, पाण्याची बाटली होती, नणंदेसाठी घेतलेली लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली जशीच्या तशी होती. फक्त काळी रेक्झिनची फाईल नव्हती.

पहिल्यांदा माणूस घाबरत नाही. आपण चुकीच्या कप्प्यात हात घातलाय असंच वाटतं. मी बाहेरचा छोटा कप्पासुद्धा उघडून पाहिला, ज्यात ती फाईल मेली तरी मावली नसती. मग उशी, चादर, बर्थखाली चपलांच्या मागे. समोरच्या काकू म्हणाल्या, "काय हरवलं का?" तेव्हा कुठे तो शब्द कानावर आला आणि पोटात गोळा आला.

फाईलमध्ये काय होतं, तर दहावीपासूनची मी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, बी.एस्सी.ची पदवी, बी.एड.ची पदवी, जातीचा दाखला. दुसऱ्या दिवशी अकराला कागदपत्र पडताळणी होती आणि पत्रात 'सर्व मूळ प्रती सोबत आणाव्यात' हे वाक्य ठळक छापलेलं होतं. आयुष्यात एरवी हे सगळे कागद एकत्र कधी फिरत नाहीत. पडताळणीच्या दिवशीच फिरतात, आणि जायचे तर तेव्हाच सगळे एकदम जातात.

डब्यात लगेच सभा भरली. "मनमाडला एक जण उतरला, मला तेव्हाच शंका आली होती," असं वरच्या बर्थवरचे गृहस्थ म्हणाले. ते मनमाडला घोरत होते, हे मी स्वतः ऐकलं होतं. कोणीतरी १३९ लावायला सांगितलं. ते मात्र कामाचं निघालं. पलीकडच्या माणसाने पीएनआर, डबा, बर्थ, वस्तूचं वर्णन विचारलं आणि दोन मिनिटांत मोबाईलवर तक्रारीचा क्रमांक आला. त्या मेसेजची वेळ पुढे उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. अकोल्याला रेल्वे सुरक्षा बलाचा एक तरुण जवान डब्यात चढला. त्याने बर्थखाली टॉर्च मारला, मग सरळ संडासाकडे गेला आणि बेसिनखालचा डस्टबिन उपसायला लागला. "मॅडम, चोर पैसे काढतात आणि बाकीचं इथेच टाकतात," तो म्हणाला. डस्टबिनमध्ये चहाचे कप आणि एक लहान मुलाचा मोजा होता.

अकोल्याच्या पुढे मला उतरायचं होतं, तिथे मी उतरले. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या ठाण्याचा फारसा दोष नाही आणि जो होता तो माझाही होता.

फलाटावर खाकी कपडे दिसले त्या दारात मी शिरले. ती चौकी रेल्वे सुरक्षा बलाची होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोट दाखवलं, "नोंद आमच्याकडे नाही, जीआरपीकडे." हा घोळ बहुतेकांचा होतो. सुरक्षा बल केंद्राचं, रेल्वे मंत्रालयाखालचं. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, ते राज्याचे, आपल्या गृहखात्याचे. दोघांचे कपडे खाकी, कचेऱ्या कधी कधी एकाच भिंतीला लागून. प्रवाशाची वस्तू चोरीला गेली, हरवली, आणि त्याचा कागद हवा असला तर तो लोहमार्ग पोलिसांच्या शिक्क्याचा लागतो. पन्नास पावलांवर त्यांचं ठाणं होतं.

ड्युटीवर एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले. समोर जाड रजिस्टर, बाजूला कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर टॉवेल. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला,

"ताई, चोरी झाली की गहाळ झालं?"

मी म्हटलं, "चोरीच झाली असणार."

"असणार नको. कोणी घेताना पाहिलं?"

"नाही."

"सॅकची चेन तुटली होती? कापली होती? उघडी होती?"

"बंद होती."

"सॅकमधलं बाकी काही गेलं? पैसे?"

पैशाची पर्स कमरेला होती. मोबाईल उशाखाली होता. काही गेलं नव्हतं.

"मग शेवटचं कधी पाहिलं फाईलला?"

इथे मी अडखळले. दौंड सुटल्यावर, बारा वाजायच्या सुमारास, मी फाईल बाहेर काढली होती. पत्रातली वेळ अकराची की साडेअकराची, हे पाहायला. पाहिली, पत्र परत फाईलमध्ये घातलं, फाईल मांडीवर ठेवली आणि नवऱ्याचा फोन आला. फोन झाल्यावर मी फाईल सॅकमध्ये ठेवली. ठेवली ना? ती ठेवल्याचं चित्र मला दिसत होतं, पण ते आधीच्या वेळचंही असू शकत होतं. साइड लोअरवर झोपताना फाईल अंगावरून घसरून खाली गेली असेल, सकाळी कोणी उतरताना आपली समजून उचलली असेल, झाडूवाल्या पोराने कचऱ्याबरोबर ओढली असेल. किंवा खरंच कोणी चेन उघडून, टॅब्लेट असेल म्हणून फाईल काढून, चेन परत लावून गेला असेल. सभ्य चोर.

मी हे सगळं हवालदारांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बघा, चोरी म्हणाल तर मी गुन्हा दाखल करतो. अजून तोंडात तीनशे एकोणऐंशीच येतं, आता तीनशे तीन झालंय, आणि गाडीतली असली तर तीनशे पाच लागतं. हद्द मागची निघाली तर झिरोने घेऊन तिकडे पाठवू. तुम्हाला जबाबाला बोलावतील. पण तुम्ही फिर्यादी आहात, सही तुमची आहे. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं लिहून देऊ नका."

१ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यातले हे आकडे. मला त्या क्षणी आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. मला ऐकून ठाऊक होतं की दुय्यम प्रतीसाठी 'एफ.आय.आर.' लागतो, आणि एफ.आय.आर. चोरीचा असतो. म्हणजे चोरी म्हटलं की काम होईल. ठाण्यात येणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात हेच गणित असतं असं पुढे त्यांनीच सांगितलं. काहींचं गणित उलटं असतं. फोन चोरला गेलेला असतो, पण कटकट नको म्हणून ते 'गहाळ' लिहून देतात आणि नंतर त्या फोनवरून काही उद्योग झाला की ठाण्यात येऊन रडतात. क्वचित ठाण्यातूनही तसंच सुचवलं जातं, कारण गुन्हा दाखल झाला की तो उघडकीस आणायची जबाबदारी मागे लागते. चोरी झाल्याचं दिसत असेल, चेन कापलेली असेल, सोबत पैसे गेले असतील, तर 'गहाळ'वर सही करू नये. गुन्हा नोंदवायला सांगावं. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून तो नाकारता येत नाही, आणि पहिल्या खबरीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात सरळ लिहिलेलं आहे.

पण माझ्या बाबतीत चेन बंद होती, पैसे होते, आणि फाईल मी स्वतः रात्री बाहेर काढली होती. मी गहाळ म्हटलं.

हवालदारांनी कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज तुम्ही लिहा. मास्तरीण आहात ना."

मी लिहिलं: महोदय, मी अमुक तारखेस अमुक गाडीने प्रवास करीत असताना माझी शैक्षणिक कागदपत्रे व इतर प्रमाणपत्रे असलेली फाईल हरवली आहे, तरी नोंद घेऊन दाखला मिळावा, ही विनंती. खाली सही. सात ओळी झाल्या होत्या आणि मला ते पुरेसं वाटत होतं.

त्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे परत फिरवला. "'व इतर' म्हणजे काय? उद्या तुम्ही बोर्डात हा कागद दाखवाल. तिथला क्लार्क यात 'दहावीची गुणपत्रिका' हे शब्द शोधणार. नसले की परत पाठवणार. जो कागद परत काढायचाय, त्याचं नाव यात पाहिजे. नुसतं नाव नाही, नंबर."

नंबर कुठून आणू? नंबर त्या फाईलमध्येच होते.

मग पुढचा दीड तास मी ठाण्यातल्या बाकावर बसून स्वतःला जमवत होते. दादाला गावाकडे फोन केला. त्याने आईच्या पेटीतून माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढली, कडेला वाळवी लागलेली, आणि फोटो पाठवला. बैठक क्रमांकाचं इंग्रजी अक्षर स्पष्ट होतं, शेवटचा आकडा तीन की आठ ते कळत नव्हतं. दादा म्हणाला आठ. वहिनी मागून म्हणाली तीन. शेवटी डिजिलॉकर उघडलं, त्यात मंडळाची गुणपत्रिका नाव, वर्ष आणि बैठक क्रमांक घालून शोधता येते. आठने काहीच आलं नाही. तीनने मी आले, मराठीत एकोणऐंशी मार्कांसकट. वहिनीचं वर्चस्व त्या दिवसापासून घरात मान्य झालं.

बारावीचं तसंच सापडलं. बी.एस्सी.चा कायम नोंदणी क्रमांक जुन्या ईमेलमध्ये परीक्षा फॉर्मवर होता. बी.एड.च्या पदवीचा फोटो मी पदवीदानाच्या दिवशी काढला होता. त्यात माझंच अर्धं तोंड आलं होतं, पण पदवीवरचा अनुक्रमांक वाचता येत होता. जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत एका भरतीच्या अर्जाला जोडलेली होती, तिच्यावर उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयाचं नाव, क्रमांक आणि तारीख. शाळेच्या दाखल्याचं काहीच नव्हतं. तिथे मी फक्त शाळेचं नाव, गाव आणि शाळा सोडल्याचं वर्ष लिहिलं.

अर्ज नव्याने लिहिला. या वेळी दोन पानं झाली. कुठे चढले, कुठे जायचं होतं, गाडी, डबा, बर्थ, पीएनआर. फाईल शेवटची पाहिली ती दौंड सोडल्यावर साधारण रात्री बारा वाजता. नसल्याचं लक्षात आलं ते भुसावळ सोडल्यावर. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही झालं त्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, आणि मला आजही वाटतं की अर्जातला सगळ्यात चांगला भाग तोच होता. मग कागदांची यादी, एकेका ओळीत एकेक: काय, कोणी दिलेलं, कुठल्या महिन्या-वर्षाचं, क्रमांक काय. सोबत तिकिटाची प्रत, १३९च्या तक्रारीचा क्रमांक, आधारची झेरॉक्स. हवालदार आता हद्दीकडे वळले. "दौंड ते भुसावळ म्हणजे आमची हद्द येतच नाही," ते म्हणाले. आतून साहेबांनी आवाज दिला, "घ्या हो, बाईंना कुठे माघारी पाठवता? जिथे उतरल्या तिथे नोंद होईल." आणि नोंद झाली. ठाण्याच्या दैनंदिनीत क्रमांक पडला, तो माझ्या दुसऱ्या प्रतीवर लाल पेनने आला, खाली तारीख, वेळ, सही, आणि गोल शिक्का. शिक्का अर्धाच उठला. मी सांगितल्यावर त्यांनी शाईच्या पॅडवर थुंकल्यासारखं करून, पण थुंकले नाहीत, पुन्हा मारला.

"शिक्का वाचता येतो का बघून घ्या," ते म्हणाले. "लोक तसेच जातात."

पडताळणीला मी डिजिलॉकरच्या प्रती आणि तो शिक्क्याचा कागद घेऊन गेले. त्यांनी हमीपत्र लिहून घेतलं आणि मूळ किंवा दुय्यम प्रती आणायला मुदत दिली. ते सोपं झालं. अवघड पुढेच होतं.

पुण्याला परत आल्यावर मी दुय्यम प्रतींच्या मागे लागले, आणि पहिल्याच खिडकीवर अडकले. कुठली खिडकी ते राहू दे. क्लार्क बाईंनी माझा पोलिसांचा कागद वाचला. दोन पानं, सगळे नंबर, त्यांना कौतुक वाटलं असावं असं मला उगाच वाटलं. मग त्यांनी गुणपत्रिकेवरचं नाव स्क्रीनवर काढलं, कागदावरचं नाव पाहिलं आणि विचारलं,

"ह्या कोण?"

"मी."

"आणि ह्या?"

"मीच."

अर्ज लिहिताना मी आधारवरचं नाव लिहिलं होतं. सासरचं. मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं. हरवलेले सगळेच्या सगळे कागद माहेरच्या नावाचे. त्या दोन पानांत कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की प्रवास करणारी बाई आणि दहावी झालेली मुलगी एकच. पोलिसांच्या कागदाप्रमाणे एका विवाहितेच्या सॅकमधून दुसऱ्याच कुण्या मुलीची प्रमाणपत्रं हरवली होती. आणि ती मुलगी तक्रारीला आलीच नव्हती.

दीड तासात मी बैठक क्रमांकाच्या आकड्यावर भांडले, पण हे ना माझ्या लक्षात आलं ना हवालदारांच्या. पुरुषांना हे सुचत नाही, कारण त्यांना ते लागत नाही. मला सुचायला हवं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि त्या बारा वर्षांत बँक, गॅस, रेशनकार्ड, मुलाची शाळा सगळीकडे मी सासरच्या नावाची. माहेरचं नाव फक्त त्या फाईलमध्ये उरलं होतं.

क्लार्क बाईंनीच मार्ग सांगितला. पोलिसांच्या कागदात 'अर्जदाराचे विवाहापूर्वीचे नाव' यायला हवं, आणि दोन नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा जोडायला हवा: विवाह नोंदणीचा दाखला, किंवा नाव बदललं असेल तर राजपत्र. विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात होता. तो मी पडताळणीला नेला नव्हता, कारण मला तो लागेल असं वाटलं नव्हतं. निष्काळजीपणा कधी कधी असा वाचवतो.

म्हणून तोच प्रवास करून परत त्याच ठाण्यात. हवालदारांनी ओळखलं. मी म्हटलं, "काका, त्या नोंदीत माझं माहेरचं नाव घालायचंय." ते म्हणाले, "त्या नोंदीत आता काही घालता येत नाही, ताई. पान झालं की झालं." ठाण्याची दैनंदिनी म्हणजे शाळेचं हजेरीपत्रक नव्हे, मागे जाऊन खाडाखोड करायला. पण जुन्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख देऊन पुरवणी अर्ज करता येतो, त्याला स्वतःचा क्रमांक पडतो, आणि मग दोन्ही कागद एकत्र टाचून वापरायचे. गुन्हा दाखल असता तर हेच पुरवणी जबाबाने झालं असतं. मी लिहिलं: दिनांक अमुकच्या नोंदीतील अर्जदार आणि सदर प्रमाणपत्रांवरील अमुक तमुक या एकच व्यक्ती असून विवाहानंतर नावात बदल झाला आहे. वीस मिनिटांत काम झालं. जाताना त्यांनी विचारलं, "फाईल मिळाली का हो?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगायचं ते." ते ओशाळले. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं.

दुसऱ्या एका कार्यालयाचा छापील नमुना 'एफ.आय.आर.ची प्रत' मागत होता. गहाळ नोंद नको, एफ.आय.आर.च हवा, यावर तिथले अडून बसले होते. बहुतेक ठिकाणी या शब्दाचा अर्थ 'पोलिसांचा शिक्का असलेला कागद' इतकाच असतो आणि गहाळ नोंद चालून जाते. जिथे चालत नाही तिथे भांडून उपयोग नसतो, आणि खोटी चोरी लिहून देण्यात तर अजिबात अर्थ नाही. खोटी खबर देणं हाच गुन्हा आहे. मी त्यांना विचारलं की तुमची नेमकी अडचण काय. अडचण ही होती की शोध घेतला गेला आणि कागद सापडले नाहीत, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग ते मी ठाण्यातून पोस्टाने मागवलं: 'सदर कागदपत्रांचा शोध घेतला असता अद्याप मिळून आलेली नाहीत.' एका ओळीचं पत्र. चोरीचा गुन्हा असता तर हे उत्तर यायला किती तरी महिने लागले असते, कारण तपास संपून चोर न सापडल्याचा 'अ' समरी अहवाल न्यायालयात मंजूर व्हावा लागतो. गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला, असा तो वर्ग. काही कार्यालयं नेमकी त्याच कागदासाठी थांबवून धरतात. गहाळ म्हटल्याने मी यातून सुटले, हे मात्र नंतर कळलेलं शहाणपण. त्या बाकावर मी खरं तेवढंच लिहिलं होतं, धोरणाने नव्हे.

शहर पोलिसांच्या संकेतस्थळांवर हल्ली हरवलेल्या वस्तूंची नोंद घरबसल्या करता येते. माझ्या भाचीने रिक्षात राहिलेल्या कॉलेजच्या ओळखपत्रासाठी ती केली आणि पाच मिनिटांत कागद छापून आला. कॉलेजने तो घेतला. तशा नोंदीवर तपास होत नाही, ती फक्त तुम्ही सांगितलेलं टिपून ठेवते. पण खरं सांगायचं तर माझ्या नोंदीवर तरी काय वेगळं झालं? भाचीला मी एवढंच म्हटलं की यादी नीट लिही, ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आत्या, एकच वस्तू आहे."

शपथपत्र तहसीलला केलं. त्यात दोन्ही नोंदींचे क्रमांक, कागदांची तीच यादी त्याच क्रमाने, आणि मूळ प्रती सापडल्यास दुय्यम प्रती जमा करीन असं लिहून दिलं. यादी तीच हवी, एकही आकडा इकडेतिकडे नको, कारण आता तीन कागद एकमेकांकडे बोट दाखवणार होते आणि तिन्ही बोटं एकाच ठिकाणी पोचायला हवी होती. सेतूतल्या मुलाने टाइप करताना २००४चं २०१४ केलं होतं. मी सही करण्याआधी पाहिलं. दहा वर्षं लहान झाले असते.

मंडळाची, विद्यापीठाची प्रत आली तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. कागद नवा, जाड, वर 'दुय्यम प्रत' असा शिक्का. जातीचा दाखला पुन्हा मिळाला. सगळ्यात शेवटी शाळेचा दाखला राहिला. तो फक्त शाळाच देऊ शकते.

दादा सोबत आला. माझी शाळा आता रंगवली आहे, खिडक्यांना जाळ्या आल्या आहेत, पण कचेरीची खोली तीच. क्लार्क माझ्यानंतर आठ-दहा वर्षांनी शिकून गेलेला मुलगा होता. त्याला मी दोन्ही पोलीस कागद, शपथपत्र आणि अर्ज दिला. त्याने नीट वाचलं. मग कपाटाच्या वरच्या खणातून जनरल रजिस्टर काढलं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, कणा चिकटपट्टीने सांधलेला. वर्ष शोधलं, बोट खाली आणलं. माझी ओळ सापडली.

एका ओळीत सगळं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जन्मठिकाण, आधीची शाळा. वळणदार निळ्या अक्षरात, आमच्या तेव्हाच्या गुरुजींच्या. पुढे शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात 'दाखला दिला' आणि त्याखाली वडिलांची सही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची सही मी बँकेच्या पासबुकावर पाहिली होती, रेशनकार्डावर पाहिली होती. इथे ती आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दाखला घ्यायला ते गेले होते, मी नव्हते गेले. मी त्या दिवशी बहुतेक खेळत होते.

दादाने चष्मा काढून पुसला.

"ताई, शेरा लिहायला लागतो," क्लार्क म्हणाला, "दुसऱ्यांदा दिला म्हणून. कशाच्या आधारे ते पण." शेऱ्याचा रकाना अरुंद होता आणि सहीने निम्मा अडवला होता. त्याने पेन झटकलं, कागदाच्या कडेला एक रेघ ओढून शाई येते का पाहिली, आणि वडिलांच्या सहीला धक्का न लावता, तिच्या खालच्या बोटभर जागेत बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. 'दुय्यम प्रत दिली.' मग तारीख. मग लोहमार्ग पोलीस ठाण्याचं नाव, जिथे माझ्या गावातलं कोणी कधी उतरलेलं नसेल.

"नोंद क्रमांक सांगा," तो म्हणाला, "पहिला पण आणि पुरवणीचा पण."

मी दोन्ही सांगितले. आता ते पाठ झाले होते.